पवित्रा आणि स्वभाव : छायाचित्रावरून माणूस लिहिताना

चरित्रकार, व्यक्तिचित्रकार आणि कोशातील नोंदीचा लेखक या तिघांनाही आज पूर्वीपेक्षा अधिक प्रमाणात छायाचित्रावर विसंबावे लागते. ज्या व्यक्तीला आपण प्रत्यक्ष पाहिलेले नाही तिचे रूप वाचकासमोर उभे करावयाचे असते, आणि हाताशी असते ते एखादे जुने, कडा मुडपलेले चित्र. ती व्यक्ती चाकांच्या खुर्चीत बसलेली असली, तिच्या कानाला श्रवणयंत्र लावलेले असले किंवा तिचा एक पाय कृत्रिम असला, तर एरवी सराईत असलेली लेखणीही अडखळते. एक तर ते उपकरण वर्णनातून गुपचूप वगळले जाते, नाही तर त्याच उपकरणाच्या आधाराने त्या व्यक्तीला जिद्दीचे प्रतीक करून टाकले जाते. हे दोन्ही प्रकार आपण लेखकाच्या हळवेपणाच्या खाती जमा करतो आणि त्याला क्षमा करून मोकळे होतो. प्रस्तुत लेखकाला असे वाटते की हा दोष मुळात भावनेचा नसून वाचनाचा आहे. शरीराने एखादे काम साधण्यासाठी घेतलेला पवित्रा आपण स्वभावाचा गुण म्हणून वाचतो, आणि आदर्शीकरण होते ते नेमके या क्षणी. पुढील विवेचन या एका मुद्द्यापुरतेच मर्यादित आहे.

उदाहरण परदेशातील घेतो. त्याची कागदपत्रे आणि छायाचित्रे उपलब्ध आहेत, आणि एकाच माणसाचे एकाच जागी दोनदा शिल्पांकन होऊन त्यावर उघड वादही झाला आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना 1921 च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, पोलिओचे निदान झालेल्या आजाराने गाठले, आणि त्यानंतर त्यांचे पाय कायमचे लुळे झाले. त्यांना हा आजार झाला होता हे जनतेला ठाऊक होते. मात्र त्याचा रोजचा परिणाम किती, हे तिच्या नजरेस पडू नये याची दक्षता घेतली जात असे. त्यामुळे त्यांची चाकांच्या खुर्चीतील छायाचित्रे मोजकीच आहेत, आणि उभे असलेली मात्र पुष्कळ.

प्रथम या उभ्या छायाचित्रांकडे पाहू. भाषणाच्या वेळी रूझवेल्ट पायांना पोलादी कॅलिपर बांधत. कॅलिपरला गुडघ्याशी खटका असे. तो लावला की पाय सरळ रेषेत ताठ राहत आणि त्यावर शरीराचा भार पेलता येई. चालावयाचे झाल्यास एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताने मुलाचा किंवा साहाय्यकाचा दंड पकडून, कमरेपासूनचे धड वळवीत ते एकेक पाय पुढे टाकीत. बोलताना हात व्यासपीठावरील मेजाची कड घट्ट धरून असत. कॅलिपर काळ्या रंगाने रंगविलेले असत, जेणेकरून विजारीच्या खाली, बुटाच्या टाचेशी ते दिसले तरी डोळ्यांत भरू नयेत. हे ठाऊक असलेला वाचक ते छायाचित्र हातांपासून वाचू लागतो. मेजाच्या कडेवर वळलेली बोटे, शेजारच्या माणसाच्या बाहीला पडलेली चुणी आणि टाचेजवळची ती काळी पट्टी यांवरून त्याला शरीराचा भार कोठे आहे हे कळते. ज्याला हे ठाऊक नाही तो लिहितो : ‘ते खंबीरपणे उभे आहेत.’

हे वाक्य सरळसरळ खोटे आहे असे नाही. तथापि त्यात एका खटक्याचे काम एका मनाच्या नावावर मांडलेले आहे. 1936 साली फिलाडेल्फिया येथे व्यासपीठाकडे जाताना कॅलिपरचा हा खटका सुटला आणि रूझवेल्ट कोसळले. त्यांना उचलण्यात आले, विखुरलेले कागद गोळा करण्यात आले आणि त्यांनी ठरलेले भाषण केले. तो खटका सुटण्यापूर्वी ते खंबीर होते आणि सुटल्यावर क्षणभर दुर्बल झाले असे कोणी म्हणणार नाही. ज्या क्षणी यंत्र बिघडते त्या क्षणी पवित्रा आणि स्वभाव हे वेगळे असल्याचे आपोआप उघड होते. वर्णनकाराने हा वेगळेपणा यंत्र धड असतानाही ओळखावयास हवा.

आता बसलेले छायाचित्र घ्यावे. 1941 च्या फेब्रुवारीत, हाइड पार्क येथील त्यांच्या डोंगरावरील लहान घराच्या ओसरीवर, मार्गारेट सकली या त्यांच्या दूरच्या नात्यातील स्नेह्यांनी हे खाजगी चित्र टिपले. रूझवेल्ट चाकांच्या खुर्चीत बसले आहेत. मांडीवर त्यांचा फाला हा कुत्रा आहे आणि बाजूला एक लहान मुलगी उभी आहे. खुर्ची त्यांनी स्वतः योजिलेली होती. घरातील साध्या लाकडी खुर्चीला चाके लावून ती तयार केली होती. तिला हात नव्हते आणि ती अरुंद होती. याला कारण होते. हात नसल्यामुळे शेजारच्या दुसऱ्या आसनावर सरकता येई, आणि अरुंद असल्यामुळे ती दारांतून आणि लहान उद्वाहनातून जाई. ती मुख्यतः एका जागेहून दुसऱ्या जागी जाण्यासाठी होती; जागेवर पोचल्यावर ते बहुधा साध्या आसनावर बसत.

या चित्राचे दोन प्रकारे वर्णन करून पाहू. पहिले असे : ‘आयुष्यभर चाकांच्या खुर्चीला खिळलेल्या या महापुरुषाच्या चेहऱ्यावर वेदनेवर मात केल्याचे तेज आहे.’ या एका वाक्यात चार विधाने आहेत, आणि छायाचित्राने त्यांपैकी एकही केलेले नाही. छायाचित्राला कालावधी नसतो, म्हणून ‘आयुष्यभर’ हा शब्द चित्रातून निघू शकत नाही; आणि वस्तुस्थितीही तशी नव्हती. ‘खिळलेला’ हा तर उलटा शब्द झाला, कारण ही खुर्ची सहज सोडता यावी यासाठीच तिचे हात काढलेले आहेत. वेदना चित्रात दिसत नाही. आणि न दिसणाऱ्या वेदनेवर केलेली मात तर त्याहून दिसत नाही. दुसरे वर्णन असे करता येईल : ‘ओसरीवर रूझवेल्ट चाके लावलेल्या, हात नसलेल्या साध्या खुर्चीत बसले आहेत. मांडीवर कुत्रा आहे. शेजारी मुलगी उभी आहे. खुर्ची इतकी अरुंद आहे की बसलेल्या माणसापुढे ती चटकन लक्षात येत नाही.’ या वर्णनात गौरव नाही आणि कीवही नाही. मात्र यात एक माणूस आपल्या घरी बसलेला दिसतो, आणि ती खुर्ची त्याची आहे हे कळते. तिची अरुंदी कोणत्या गरजेतून आली हे पुढच्या वाक्यात सांगावयाचे असल्यास ते चरित्राच्या आधाराने सांगावे, चित्राच्या नावावर खपवू नये.

वॉशिंग्टन येथील रूझवेल्ट स्मारक 1997 साली खुले झाले तेव्हा हाच प्रश्न ब्राँझमध्ये उभा राहिला. शिल्पकार नील एस्टर्न यांनी रूझवेल्ट यांना भव्य आकारात बसविले आणि त्यांच्या अंगावर लांब झगा घातला. याल्टा परिषदेच्या छायाचित्रांतून हा झगा लोकांच्या परिचयाचा होता. झग्याखाली आसन जवळजवळ पूर्ण झाकले गेले. अपंगांच्या संघटनांनी आक्षेप घेतला. खुर्चीच्या पायांना लहान चाके होती, पण ती मागे जाऊन शोधल्याखेरीज दिसत नव्हती. पुढे निधी जमविण्यात आला, आणि 2001 च्या जानेवारीत स्मारकाच्या प्रवेशाशी रॉबर्ट ग्रॅहम यांनी घडविलेले दुसरे शिल्प बसविले गेले. हे माणसाच्या नैसर्गिक आकाराचे असून त्यात रूझवेल्ट आपल्या चाकांच्या खुर्चीत, टोपी आणि चष्मा घालून बसले आहेत.

या वादात एक युक्तिवाद वजनदार होता आणि तो टाळून पुढे जाणे उचित होणार नाही. रूझवेल्ट यांनी स्वतःच ही खुर्ची लोकांपासून दूर ठेवली. मग त्यांच्या पश्चात ती उघड करणे हा त्यांच्यावर अन्याय नव्हे काय? प्रस्तुत लेखकाच्या मते येथे दोन सत्ये आहेत : ते खुर्ची वापरीत होते आणि ते ती झाकीत होते. झगा घातलेले शिल्प झाकण्याची कृती पुन्हा करते, पण झाकले जात होते हे सांगत नाही. मागच्या बाजूची लहान चाके तर तडजोडीची चाके होत. ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच ती दिसतात. शब्दांचे माध्यम येथे ब्राँझहून सुदैवी आहे, कारण लेखक एकाच परिच्छेदात दोन्ही सत्ये सांगू शकतो. शिवाय रूझवेल्ट यांचे स्वतःचे वर्तनही एकसारखे नव्हते. 1 मार्च 1945 रोजी त्यांनी काँग्रेसपुढील भाषण बसून केले, आणि पायांना बांधलेल्या सुमारे दहा पौंड पोलादाचे कारण स्वतःच्या तोंडाने सांगितले. झाकणे हा त्यांचा स्वभाव होता असे म्हणावे, तर हा दिवस त्यात बसत नाही. तो प्रसंगोपात्त घेतलेला पवित्राच होता.

हाच घोटाळा आपल्याकडील लेखनात कसा होतो हे पाहण्यासाठी श्रवणयंत्राचे उदाहरण अधिक उपयोगी आहे, कारण येथे उपकरण इतके लहान असते की ते वगळले गेल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही. जुन्या छायाचित्रांत सदऱ्याच्या खिशात एक छोटी पेटी आणि तिच्यापासून कानापर्यंत गेलेली वायर दिसते. आपल्याकडे तिला सर्रास ‘कानाचे मशीन’ म्हणत. नंतरच्या चित्रांत कानामागे बसणारा वाकडा तुकडा आणि कानात शिरणारी पारदर्शक नळी असते. कानामागच्या तुकड्यापासून निघून एक वाटोळी चकती डोक्याच्या कातडीवर चिकटलेली असेल, तर ते साधे श्रवणयंत्र नव्हे; ते शस्त्रक्रियेने बसविलेल्या कॉक्लिअर इम्प्लांटचा बाहेरचा भाग असते. ही दोन उपकरणे एकच मानणे हे चष्मा आणि डोळ्याची शस्त्रक्रिया एकच मानण्यासारखे आहे.

आता अशा व्यक्तीचे परिसंवादातील एखादे छायाचित्र डोळ्यांसमोर आणावे. ती किंचित पुढे झुकलेली आहे, चेहरा पूर्ण वक्त्याकडे वळलेला आहे आणि दृष्टी त्याच्या तोंडावर स्थिर आहे. व्यक्तिचित्रकार लिहितो : ‘समोरच्याचा प्रत्येक शब्द जिवाचा कान करून ऐकणारे हे नम्र व्यक्तिमत्त्व.’ वस्तुतः श्रवणयंत्र आवाज मोठा करते; परंतु गजबजलेल्या सभागृहात हवा तो आवाज इतर आवाजांतून निवडून देणे त्याला नेहमी साधत नाही. म्हणून यंत्र लावणारे पुष्कळ लोक वक्त्याचे ओठही वाचतात, आणि त्यासाठी चेहरा समोर ठेवावाच लागतो. ही दृष्टी नम्रतेची असेल, कंटाळ्याची असेल किंवा तीव्र मतभेदाचीही असेल. छायाचित्र एवढेच सांगते की ती ओठांवर आहे. लेखकाने ‘दृष्टी वक्त्याच्या ओठांवर, उजव्या कानामागे श्रवणयंत्र’ एवढे लिहिले तर त्याने अधिक लिहिलेले असते. डाव्या कानाविषयी त्याने काहीच लिहू नये, कारण तो कान चित्रात नाही.

उजवे आणि डावे यांचा उल्लेख आला म्हणून येथे एक व्यावहारिक सूचना करणे भाग आहे. छापताना चित्र उलटे, म्हणजे आरशातल्यासारखे होण्याचा संभव असतो, आणि मग ज्या पायाला कॅलिपर नाही त्याला तो चिकटतो. मागील पाटीवरील अक्षरे असल्यास निर्णय तात्काळ होतो. ती नसल्यास कपड्यांकडे पाहावे. पुरुषाच्या सदऱ्याची गुंड्यांची पट्टी त्याच्या उजव्या बाजूस असते आणि काज्यांची डावी बाजू तिच्यावर येते. साडीचा पदर बहुधा डाव्या खांद्यावर असतो. मात्र गुजराती पद्धतीच्या साडीत तो उजव्या खांद्यावरून पुढे येतो, म्हणून केवळ पदरावर निकाल देऊ नये.

स्वभावाच्या नावावर चुकीने जमा होणारी तिसरी वस्तू व्यक्तीच्या शरीराची नसून छायाचित्रकाराच्या शरीराची असते. उभ्या असलेल्या माणसाने आपल्या डोळ्यांच्या उंचीवरून खुर्चीतील व्यक्तीचे चित्र घेतले की ती व्यक्ती वर पाहताना दिसते. कॅमेरा जवळ असेल आणि त्याचे भिंग विस्तृत कोनाचे असेल, तर पुढचे चाक मोठे आणि त्यामागचा माणूस लहान होतो. अशा चित्रावरून ‘आशेने वर पाहणारे डोळे’ आणि ‘खुर्चीत हरवलेली कृश आकृती’ लिहिणाऱ्याने खरे तर कॅमेऱ्याची जागा लिहिलेली असते. कॅमेरा जमिनीशी नेला की तीच व्यक्ती पर्वतप्राय होते, आणि मग कीव करणारा लेखक तिला वंदन करू लागतो. म्हणून वर्णनाला बसण्यापूर्वी कॅमेरा किती उंचीवर होता हे ठरवावे. क्षितिजरेषा किंवा खिडकीची चौकट यांवरून ते बहुधा कळते : खुर्चीच्या बैठकीचा वरचा पृष्ठभाग पसरट दिसत असेल तर कॅमेरा वर होता, आणि बैठकीची नुसती कड दिसत असेल तर तो तिच्याच पातळीवर होता.

खुर्ची कोणाची हेही चित्रातच पाहावे. रुंद बैठक, जाड हात, मागे ढकलण्यासाठी लांब मुठी, अशी घडी होणारी खुर्ची रुग्णालयात किंवा रेल्वे स्थानकावर तात्पुरती मिळते. रोज वापरणाऱ्याची स्वतःची खुर्ची पुष्कळदा त्याच्या अंगाबरोबर बेतलेली असते. तिची पाठ आखूड असते आणि चाकांना हाताने फिरवण्याची कडी असतात. आपल्याकडे या दोहोंखेरीज हाताने पॅडल फिरवून चालवावयाची तीनचाकी सायकल सर्वत्र दिसते. ती खुर्ची नसून रस्त्यावरचे वाहन आहे. सत्कार समारंभाच्या छायाचित्रात उसनी खुर्ची असेल आणि लेखक तिला ‘त्यांची जीवनसंगिनी’ म्हणत असेल, तर हसू येण्यापलीकडे दुसरे काही साधत नाही.

या वाचनाला एक मर्यादा आहे, आणि ती जयपूरच्या पायाने उत्तम रीतीने दाखविली आहे. 1960 च्या दशकाच्या अखेरीस जयपूर येथे कारागीर रामचंद्र शर्मा आणि शल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचा जो पाय घडविला, तो अनवाणी चालता यावे, उकिडवे बसता यावे आणि मांडी घालता यावी यासाठी होता. विलायती पाय बुटात दडविण्यासाठी केलेला असे. हा पाय उघडा राहणार म्हणून त्याला पावलाचा रंग आणि बोटांचा आकार दिला गेला. परिणामी धोतराच्या किंवा साडीच्या काठाखालून दिसणारे पाऊल कृत्रिम आहे की नाही हे सामान्य छायाचित्रावरून पुष्कळदा सांगताच येत नाही. येथे लेखकाला अन्य साधनाने माहिती असली, तरी ‘चित्रात दिसते’ असे म्हणण्याचा अधिकार त्याला नाही. ‘चित्रात दोन्ही पावले सारखी दिसतात, उजवे जयपूरचे आहे’ हे वाक्य प्रामाणिक आहे, कारण त्यात दिसलेले आणि समजलेले या दोहोंमध्ये स्वल्पविराम आहे. आणि ही गोष्ट त्या लेखाच्या विषयाशी संबंधित नसेल, तर दुसरा भाग लिहिण्याचे कारणही नाही.

अखेरीस शब्दांविषयी. भारतीय भाषांच्या अभ्यासकांना हे वेगळे सांगावयास नको की आदर्शीकरण कधी कधी नामातच होऊन गेलेले असते. 2015 च्या अखेरीपासून शासकीय व्यवहारात रूढ होत गेलेला ‘दिव्यांग’ हा शब्द, 2016 च्या कायद्याच्या हिंदी शीर्षकातही आलेला, अंगालाच दिव्यत्व देतो. तमिळमधील ‘माट्रुत्तिरनाळि’ हा शब्द अंगाविषयी मौन पाळून वेगळ्या सामर्थ्याची ग्वाही देतो. मराठीतील ‘अपंग’ हा शब्द यांच्यापुढे रूक्ष वाटतो. तो अनेकांना बोचतो हेही खरे. यांपैकी कोणता शब्द त्या व्यक्तीला मान्य आहे हे तिच्याकडूनच समजून घ्यावयास हवे. परंतु छायाचित्राच्या वर्णनात बहुतेक वेळा यांपैकी एकाचीही गरज पडत नाही. ‘हात नसलेली चाकांची खुर्ची’, ‘गुडघ्याशी खटका असलेला कॅलिपर’, ‘उजव्या कानामागे श्रवणयंत्र’ असे लिहिले की वर्गवाचक नाम आपोआप अनावश्यक होते. उपकरणाचे नाव नेमके ठाऊक नसल्यामुळेच आपण माणसाला मोठे नाव देऊन ती उणीव भरून काढीत असतो.

यावर असा आक्षेप येईल की अशा लेखनाने व्यक्तिचित्र म्हणजे अवजारांची यादी होईल आणि माणसाचे धैर्य सांगावयास जागाच उरणार नाही. धैर्य सांगू नये असे येथे म्हटलेले नाही. ते त्या व्यक्तीच्या पत्रांतून, तिने घेतलेल्या निर्णयांतून, तिच्या सहकाऱ्यांच्या साक्षीतून सिद्ध करावे, जसे ते इतर कोणाही व्यक्तीच्या बाबतीत सिद्ध करावे लागते. मेजाच्या कडेवरील बोटांना त्यासाठी साक्षीला बोलावू नये. ती बोटे शरीराचा भार पेलीत आहेत. आणि वर्णनकाराने तेवढेच लिहावयाचे आहे.